दिवाणाखालची खसखस

 आज बोलायचंय ते वाळवीबद्दल. आता तुम्ही म्हणाल, वाळवीचं काय नवल? आपल्यातल्या प्रत्येकीने ती पाहिलीय. गोठ्याच्या खांबावर, कुडाच्या भिंतीवर, ठेवणीतल्या कागदांच्या पेटीत. पण मी सांगणार आहे ती वाळवी वेगळी. ती जमिनीतून येत नाही, मातीची नळी बांधत नाही आणि बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतही नाही. दिसते ती फक्त तिची विष्ठा, आणि तीही खसखशीसारखी.

मी बरीच वर्षं कीटकशास्त्र शिकवलं. आता निवृत्त होऊन पुण्यात कर्वेनगरला राहते. आमच्या गल्लीत एका इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या बचत गटाची खोली आहे. दहा फूट बाय बारा फूट. खोलीत तीन मशिनी, कापायचं टेबल आणि एक जुना दिवाण. दिवाण जुन्या फर्निचरच्या दुकानातून घेतलेला. वर बसून काजं-बटणं करायची आणि आतल्या पेटीत कापडाचे गठ्ठे ठेवायचे.

एक दिवस गटातल्या एक ताई माझ्याकडे आल्या. पदराच्या गाठीत चिमूटभर काहीतरी बांधून आणलेलं. म्हणाल्या, "काकू, हे बघा. महिन्यापूर्वी वाळवीचं औषध मारून घेतलं, साडेचार हजार गेले. तरी रोज सकाळी दिवाणाखाली हे पडलेलं असतं. तो माणूस म्हणतो, जमिनीत अजून एकदा मारावं लागेल. काय करू?"

गाठ सोडून मी ते दाणे हातावर घेतले आणि भिंगातून पाहिले. उत्तर त्या दाण्यांतच होतं.

पीठ असतं, माती असते आणि दाणे असतात. लाकडाखाली काही पडलेलं दिसलं की आपण सरसकट म्हणतो, "लाकडाला कीड लागली." पण काय पडतंय यावरून कोण खातंय ते कळतं.

बोटांत चोळल्यावर टाल्कम पावडरीसारखं किंवा मैद्यासारखं मऊ लागलं, आणि लाकडाला सुईने पाडल्यासारखी गोल भोकं असली, तर तो बहुतेक भुंगा. बांबूच्या टोपल्यांना, शिडीला लागतो तो. ओलसर मातीचा लेप किंवा भिंतीवरून चढलेली पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली, तर ती जमिनीतली वाळवी. आणि चोळल्यावर बारीक रव्यासारखं खरखरीत लागलं, प्रत्येक दाणा सुटा, कोरडा आणि साधारण एकाच मापाचा असला, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी.

हा दाणा जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो. दोन्ही टोकं गोलसर आणि अंगाला सहा पैलू, म्हणजे सहा बाजू किंचित आत दबलेल्या. शाळेतल्या मुलांकडचं साधं भिंग घेतलं तरी दिसतात. रंग लाकडाप्रमाणे बदलतो. कधी पिवळट, कधी तांबूस, कधी काळपट. एकाच ढिगात दोन-तीन रंगांचे दाणेही सापडतात.

हे पैलू येतात कुठून? ही वाळवी राहते ठणठणीत वाळलेल्या लाकडात. आपल्याला ते हाडासारखं कोरडं वाटतं, पण घरातल्या लाकडातही हवेतला थोडा ओलावा मुरलेला असतो. तेवढ्यावर ती जगते. पाण्याचा एक थेंबही तिला वाया घालवून चालत नाही. म्हणून विष्ठा बाहेर टाकण्याआधी तिच्या आतड्याचा शेवटचा भाग त्यातलं पाणी पिळून घेतो. पिळताना सहा बाजूंनी दाब पडतो आणि सहा पैलूंचा कोरडा दाणा बाहेर येतो. तिच्या सगळ्या राहणीची खूण या दाण्यात आहे.

आता हे दाणे बाहेर का पडतात? लाकडाच्या पोटात तिने कोरलेल्या खोल्या असतात. त्या दाण्यांनी भरल्या की जागा रिकामी करावी लागते. मग ती लाकडाच्या पृष्ठभागापर्यंत टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडते, त्यातून दाणे बाहेर ढकलते आणि काम झालं की भोक आतून बुजवून टाकते. आपण झाडून काढतो आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा तिथेच ढीग दिसतो. ढीग बहुतेक भोकाच्या सरळ खाली पडतो. म्हणून दाणे दिसले की जमिनीकडे नको, वर बघायचं.

ताईंच्या खोलीत मात्र सगळे जमिनीकडे बघत बसले होते.

त्यांच्याकडे काय उपचार झाला ते मी नीट विचारून घेतलं. भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे सगळीकडे ड्रिलने भोकं पाडली, त्यांत औषध सोडलं आणि वरून सिमेंट लावून बुजवलं. ही पद्धत चुकीची नाही, हे आधी सांगते. बांधलेल्या इमारतीला वाळवीपासून वाचवण्याचं एक भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, त्याचा तिसरा भाग. त्यात हेच सांगितलंय. भिंतीकडेने साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरचं भोक आणि दर भोकात एक लिटर औषधाचं पाणी. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर झाला ४४ फूट, म्हणजे साडेतेरा मीटरच्या आसपास. दाराची जागा सोडली तरी चाळीसेक भोकं आणि चाळीसेक लिटर औषध.

हे औषध काम कसं करतं? जमिनीतल्या वाळवीचं घर मातीत असतं. राणी मातीत, वारूळ मातीत. तिला ओलावा लागतो, म्हणून ती उघड्यावर फिरत नाही. मातीची नळी बांधून तिच्या आडोशाने लाकडापर्यंत येते, खाते आणि परत जमिनीत जाते. तिच्या या रोजच्या वाटेवर औषधाचा पट्टा घातला की ती त्या पट्ट्यातून जाताना मरते, किंवा तिची वाटच बंद होते. आलं लक्षात? औषध लाकडात जातच नाही. ते वाट अडवतं, घरावर जाणाऱ्या रस्त्यावर नाकाबंदी करावी तसं.

कोरड्या लाकडातल्या वाळवीला ती वाटच नाही. तिची राणी, राजा, पिल्लं, शिपाई, सगळा संसार त्या लाकडाच्या आत. खायचं तेच आणि राहायचंही तिथेच. पाण्यासाठी तिला खाली उतरावं लागत नाही. ती दिवाणात येते तीही उडून. पंख फुटलेली जोडी येते, लाकडाच्या फटीत, खिळ्याच्या भोकात किंवा सांध्यात शिरते, पंख टाकते आणि मागे दार बंद करून घेते. नाहीतर ती आधीच आत असते आणि लाकडासोबत टेम्पोतून आपल्या घरी येते. दोन्हींत मातीशी तिचा संबंध येत नाही. मग खाली चाळीस लिटर सोडा नाहीतर चारशे, दिवाणाच्या पाटीत बसलेल्या वाळवीला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून मी ताईंना म्हटलं, "दुसऱ्यांदा जमिनीत मारायचं नाही. आधी दिवाण बघू."

पहिलं काम आम्ही केलं ते साधंच. दिवाणाखालची जागा झाडून पुसून घेतली आणि तिथे काळा कागद अंथरला. कागदाच्या कोपऱ्यावर तारीख लिहिली. दिवाण अजिबात हलवायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. ते का, ते पुढे सांगते. तिसऱ्या दिवशी कागदावर एकाच जागी चिमूटभर ढीग होता. बाकी कागद स्वच्छ.

ढिगाच्या बरोबर वर मोबाईलचा टॉर्च मारला. दिवाणाच्या आतल्या आडव्या पट्टीला खालच्या अंगाला तीन बारीक भोकं दिसली. दोन बुजलेली, एक उघडं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पट्टी ठोकत गेले. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो. इथे एका हाताच्या लांबीभर बद्द आवाज आला, फुटक्या मडक्यासारखा. शेजारच्या दोन फळ्यांतही तसाच. पुढच्या एका पायालाही वरच्या टोकाकडे थोडा. बाकी दिवाण टणक होता. आम्ही खडूने खुणा करून ठेवल्या.

दिवाणाचा दर्शनी भाग सागाचा होता, पण आतल्या पट्ट्या आणि फळ्या पांढरट, हलक्या लाकडाच्या होत्या. जुन्या फर्निचरमध्ये असं पुष्कळदा असतं. सागाचा गाभा वाळवीला सहसा आवडत नाही. पण सागाच्याच बाहेरच्या पांढऱ्या भागाला आणि आंब्यासारख्या लाकडाला ती लागते. त्यात दिवाणाचा आतला भाग कधी पॉलिश केलेला नसतो, म्हणजे शिरायला उघडी फट मिळतेच.

सुतारकाकांना बोलावून ती पट्टी आणि दोन्ही फळ्या काढल्या. पट्टी बाहेरून धडधाकट दिसत होती. अंगठ्याने दाबली तर पापडासारखी मोडली. आत गुळगुळीत, पॉलिश पेपरने घासल्यासारख्या पोकळ्या, एकीतून दुसरीत जाणाऱ्या. कुठेही मातीचा कण नाही. जमिनीतली वाळवी लाकूड खाते तेव्हा आत मातीचा लेप करते आणि मऊ भाग खाऊन रेषेरेषेने जाते. ही मात्र आडवीतिडवी, मऊ-कठीण सगळंच खाते आणि पोकळी स्वच्छ ठेवते. काही पोकळ्यांत दाणे ठासून भरलेले होते. आणि वाळवी होती: दुधाळ रंगाची, मऊ अंगाची. मधूनच एखादा शिपाई, काळं बोथट डोकं असलेला. काही जातींचे शिपाई हे डोकं बुचासारखं वापरतात. शत्रू आला की भोकात डोकं घालून वाट बंद.

गटातल्या मावशी ते पाहून म्हणाल्या, "एवढीशीच आहेत की! आमच्या गावच्या वारुळात तर लाखो असतात." खरं आहे. या वाळवीचं बिऱ्हाड लहान असतं. काहीशे ते दोन-चार हजार. वाढतेही फार सावकाश. नवी जोडी शिरल्यावर बाहेर दाणे दिसायला कित्येकदा काही वर्षं जातात. म्हणून दाणे दिसले म्हणजे आज रात्रीत दिवाण कोसळेल असं नाही. घाबरून घाईने औषध मारायची गरज नसते. पाहणी करायला वेळ असतो.

पण लहान बिऱ्हाडाची एक गोम आहे. यांच्यात कामकरी अशी वेगळी जात नसते. पिल्लंच सगळं काम करतात. राणी मेली, किंवा लाकूड कापताना काही पिल्लं दुसऱ्या तुकड्यात तुटून राहिली, तर त्यांतलीच काही वाढून नवी राणी-राजा होतात. म्हणून अर्धवट उपचार इथे चालत नाही. बद्द आवाजाची प्रत्येक जागा हिशेबात धरावी लागते.

आता उपाय. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लागलेलं लाकूड काढून टाकणं. पट्टी आणि फळ्या आम्ही बदलल्या. काढलेलं लाकूड अंगणात रचून ठेवायचं नाही, त्याच दिवशी जाळून टाकायचं. त्यावर रंग, पॉलिश किंवा आधी मारलेलं औषध असेल तर ते चुलीत घालू नका, त्या धुरावर भाकरी भाजायची नाही. बाहेरही जाळू नका.

दुसरा उपाय उष्णता. परदेशी पाठवायच्या लाकडी खोक्यांसाठी जगभर एक नियम आहे: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं पोचली पाहिजे. तेवढ्यात आतली कीड मरते. आपण उन्हात ठेवतो तेव्हा हाच प्रश्न असतो, गाभ्यापर्यंत किती पोचली? एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पातळ फळी चांगलीच तापते. पण चार बोटं जाड पाया बाहेरून चटका देतो आणि आत कोमट राहतो. वाळवी तिकडे सरकून बसते. म्हणून पातळ वस्तूला ऊन, जाड पायाला त्याच्यावर भरवसा नाही. डिंकाने जोडलेले सांधे तापून सुटतात, तेही लक्षात ठेवा. फोटोची चौकट किंवा लाकडी खेळण्यासारखी लहान वस्तू असेल तर उलटा उपायही चालतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायची.

तिसरा उपाय, औषध थेट लाकडाच्या पोकळीत. आमच्या दिवाणाचा पाया बदलणं अवघड होतं, म्हणून तिथे हे केलं. परवानाधारक माणसाला बोलावलं आणि खुणा केलेली जागा दाखवली. त्याने बारीक ड्रिलने भोकं पाडली. ड्रिल पोकळीत शिरलं की हाताला एकदम हलकं लागतं, ती खरी जागा. तिथे सुईने औषध भरलं आणि भोक बुजवलं. नुसतं वरून फवारून उपयोग नाही. पॉलिशवरून औषध ओघळून जातं आणि वाळवी आत सुखरूप राहते. बोलावलेल्या माणसाला एवढंच विचारा: "औषध जमिनीत सोडणार की लाकडात?" दाणे दाखवल्यावरही तो जमीनच म्हणाला, तर दुसरा माणूस बघा.

आणि मैत्रिणींनो, आता जे सांगते ते नीट ऐका. घरात शेतीचं कीटकनाशक उरलेलं असतं. ते बाटलीतून फळीवर ओतायचा मोह होतो. तसं करू नका. त्या दिवाणावर लेकरू झोपतं. शेतातलं औषध उघड्यावर मारायचं असतं, बंद खोलीतल्या अंथरुणाखाली नाही. रॉकेलही नको. ते वरवर भिजतं, आतल्या वाळवीला पोचत नाही आणि आगीची भीती मात्र घरात येते. धान्याच्या कोठीत ठेवतात त्या विषारी गोळ्या तर दिवाणाच्या पेटीत चुकूनही ठेवायच्या नाहीत. हवेतल्या ओलाव्यानेच त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं मरतात. त्या गोळ्यांची धुरी देण्याचं काम फक्त सरकारी परवानगी असलेल्या माणसांचं आहे.

दिवाण दुरुस्त झाला. पंधरा दिवसांनी ताई पुन्हा धावत आल्या. "काकू, परत पडलं!" मी विचारलं, "दिवाण हलवला होता का?" झाडताना सरकवला होता. तेच झालं होतं. वाळवी मेली तरी पोकळीत जुने दाणे भरलेले राहतात. दिवाण सरकवला, कुणी दणकन बसलं, की ते भोकातून गळतात. आम्ही मशिनीही जवळ चालवत होतो, त्याचाही हादरा बसायचा. म्हणूनच काळा कागद अंथरला की वस्तू हलवायची नाही असं मी म्हटलं होतं. दिवाण भिंतीकडे घेतला, भोकं मेणाने बुजवली, नवा कागद अंथरला, तारीख लिहिली. मेण फोडून नवं भोक पडलं किंवा न हलवता नवा ढीग झाला, तरच वाळवी जिवंत आहे असं समजायचं. आठवड्याला, मग महिन्याला, असं वर्षभर पाहिलं. ही वाळवी सावकाश चालते, म्हणून आपली पाखतही लांब ठेवावी लागते. कागद कोराच राहिला.

एक गोष्ट मात्र वेळेत थांबली. तोच दिवाण गट मुळशीकडच्या एका गावात, नव्या शिवण केंद्राला देणार होता. टेम्पोही ठरला होता. तो तसाच गेला असता तर वाळवीही त्यातून गेली असती, आणि गावातल्या खोलीच्या लाकडी माळ्यात, दाराच्या चौकटीत पुढच्या काही वर्षांत शिरली असती. म्हणून जुना पलंग, कपाट, देव्हारा घरात घेताना किंवा लेकीला देताना तो आधी उलटा करा. खालची आणि मागची बाजू बघा, सांधे बघा, ठोकून आवाज ऐका, कपाटाच्या कोपऱ्यात दाणे आहेत का ते बोटाने चाचपा. दिवाण घेतला तर आतली, न दिसणारी बाजूसुद्धा पॉलिश करून घ्या, फटी लांबीने बुजवा.

आणि तुमच्या भिंतीवर खरंच मातीची नळी असेल, दाराची चौकट खालून खाल्लेली असेल, तर जमिनीतला उपचार जरूर करा. तो त्या वाळवीसाठीच आहे. कधी कधी एकाच घरात दोन्ही असतात, मग दोन्ही उपचार लागतात, पण प्रत्येकाची जागा वेगळी.

ताईंचे साडेचार हजार काही परत आले नाहीत. दुसरे साडेचार हजार मात्र वाचले. त्यातून सुतारकाकांची मजुरी, लाकूड आणि पायातलं औषध सगळं निघालं. आता गटाच्या खोलीत भिंतीला एक भिंग दोरीने टांगलेलं असतं. कुणाच्या घरी लाकडाखाली काही सांडलं की ती चिमूट कागदाच्या पुडीत येते. आधी भिंगाखाली जाते, आणि मगच पैशाची गोष्ट निघते.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.